फॉर्म भरला, झडप उघडलीच नाही

संपादक महोदय,

गोदामाच्या आगीची कालची बातमी वाचली. ‘शॉर्टसर्किट असावे’ हे नेहमीचेच वाक्य. छतातले पाण्याचे स्प्रिंकलर फुटले का, पंप सुरू झाला का, आगीच्या अलार्मचे पॅनल वाजले का, हे तुमच्या बातमीदाराने कोणाला विचारलेलेच नाही.

मी भिवंडीत एका गोदामाचा व्यवस्थापक होतो. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, अग्निशमन विभागाकडे द्यावा लागतो. आमचाही वेळेवर जायचा. एजन्सीचा माणूस यायचा, पॅनल बघायचा, शिक्का मारायचा.

एका जुलैत मी त्याला शेवटच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडायला लावला. पंपापासून सर्वांत लांबच्या पाइपवर ही झडप असते. एक स्प्रिंकलर फुटल्यावर जेवढे पाणी वाहते तेवढेच तिच्यातून येते, म्हणजे आग न लावता यंत्रणेची खरी परीक्षा होते. फार तर दीड मिनिटात पॅनल वाजायला हवे. मी घड्याळ लावून पाच मिनिटे उभा राहिलो. पॅनल गप्प. गेजवरचा दाब उतरत गेला, तरी पंप उठेना.

पंपाचा स्विच ‘मॅन्युअल’वर होता. महिन्यापूर्वी गळती काढताना प्लंबरने तो तसा केला आणि पुन्हा ‘ऑटो’वर टाकायचा राहिला. पॅनल गप्प राहण्याचे कारण तर संताप आणणारे होते. पाइपातल्या दाबाच्या चढउताराने रात्री खोटे अलार्म व्हायचे, म्हणून कोणी तरी पॅनलवरचा त्या भागाचा झोन ‘आयसोलेट’, म्हणजे बंद, करून ठेवला होता आणि ते दाखवणाऱ्या पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. पॅनलवर दिसत होता तो फक्त वीजपुरवठ्याचा हिरवा दिवा. जानेवारीच्या फॉर्मवर मात्र ‘सर्व चालू स्थितीत’ असे लिहिलेले!

त्यानंतर मी दर आठवड्याला पाइपातला दाब उतरवून पंप आपोआप उठतो का ते बघू लागलो, नुसते बटण दाबून नाही. टोकाची झडप दर तीन महिन्यांनी. पॅनलची मेन वीज बंद करून ते बॅटरीवर चालते का तेही बघायचो. डिटेक्टरवर धुराचा स्प्रे मारायला शिडी लागते, वेळ जातो, म्हणून तो वर्षभर थोडा थोडा केला. प्रत्येक चाचणीनंतर स्विच ‘ऑटो’वर आहे आणि एकही झोन बंद नाही, हे वहीत सहीने लिहायचो.

मालाची थप्पी स्प्रिंकलरच्या खाली अर्धा मीटर थांबली पाहिजे, यावरून माझे मालकाशी भांडणही झाले. खोकी छताला भिडली की पाणी पसरत नाही, खालची आग तशीच राहते.

आणखी एक. याच विषयावरचे माझे मागचे पत्र छापताना तुम्ही झडपेचा परिच्छेद गाळलात. या वेळी कृपया तेवढा ठेवा, बाकीचे हवे तर कापा.

– एक निवृत्त गोदाम व्यवस्थापक, भिवंडी