आईच्या गुडघ्याच्या फोटोबद्दल

प्रिय आई-बाबा,

बाबा, आईच्या गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या जखमेचा सकाळचा फोटो बघितला आणि फोनवर सांगितलं तेच परत सांगते, आज संध्याकाळीच सर्जनकडे जा, टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. फोनवर घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून मला त्या फोटोत काय दिसलं ते लिहितेय, म्हणजे तिथे गेल्यावर तुम्हालाही नेमकं सांगता येईल.

ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवशीचा फोटो परत उघडून बघा. टाक्यांच्या पिनांच्या दोन्ही बाजूंना बारीक लालसर कड आहे, वरपासून खालपर्यंत सारखी. ती जखम भरताना येतेच. तुम्ही घाबरला होतात ते नडगीवरच्या जांभळ्या-हिरव्या डागाला, पण ते आत साकळलेलं रक्त आहे, ते हळूहळू खाली उतरतं, पिवळं पडतं, त्याच्या कडा विरत जातात आणि हात लावला तर तिथे गरम लागत नाही.

आजच्या, म्हणजे आठव्या दिवसाच्या फोटोत तसं नाहीये. फक्त खालच्या टोकाला, एकाच बाजूला लाली आहे आणि ती जखमेपासून साधारण दोन बोटं बाहेर पसरलीये, तिथली कातडी तुकतुकीत ताणलेली दिसतेय, पिना आत रुतल्यासारख्या वाटतायत, आणि काढलेल्या गॉजवर पिवळट, गढूळ ओल आहे. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पातळ गुलाबी पाणी येत होतं आणि कमी होत होतं तेव्हा मला काळजी नव्हती, पण कोरडी झालेली जखम परत ओली झाली हे मला अजिबात आवडलं नाही. इन्फेक्शन बऱ्याचदा असंच पहिला आठवडा संपता संपता दिसायला लागतं, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना.

आई, तुझा रंग सावळा आहे, त्यामुळे लाली लालभडक दिसणार नाही, गडद तपकिरी किंवा जांभळट दिसेल, म्हणून बाबांनी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघायचं. आणि फोटोत उष्णता कळत नाही. हाताच्या मागच्या बाजूने आधी वरच्या भागाला आणि मग त्या खालच्या जागेला हात लावून बघ. नवीन गुडघा पुढचे बरेच आठवडे थोडा कोमट लागतोच, पण एकच जागा बाकीपेक्षा जास्त गरम लागली तर ते डॉक्टरांना आठवणीने सांग.

बाबा, आत्ता बॉलपेन घ्या आणि लाली जिथे संपते तिथे कातडीवर रेघ मारा, जखमेला पेन लावू नका, बाजूला वेळ लिहा. मग खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी मोजपट्टी धरून एक जवळून आणि एक पूर्ण पायाचा फोटो काढा. पुढचे फोटोही ड्रेसिंग बदलताना असेच, बीटाडीन लावायच्या आधी काढा, कारण त्याच्या तपकिरी रंगात लाली झाकली जाते. व्हॉट्सॲपवर एचडी करून पाठवा.

फोटो चांगला दिसला तरी मी निर्धास्त होणार नाही, हे आधीच सांगते. आईला शुगर आहे, त्यामुळे लाली किंवा ताप कमी दिसू शकतो, आणि सांध्याजवळ आत खोल काही सुरू असेल तर वरची कातडी ठीकठाक दिसू शकते. म्हणून दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय का, काल वाकत होता तेवढा गुडघा आज वाकतोय का, आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जातोय का, हे तिन्ही लिहून ठेवा.

आणि कृपा करून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका, शेजारच्या काकांनी सांगितलं तरी नाही. आत कृत्रिम सांधा आहे, डॉक्टर कदाचित सुईने सांध्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवतील आणि आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर जंतू सापडेलच असं नाही, मग नेमकं औषध ठरवणं अवघड होतं. जखम दाबून बघू नका, हळद-बिळद काही लावू नका.

रेघेच्या बाहेर लाली तासातासाला सरकायला लागली, फोड आले, कातडी काळी पडली किंवा आईला थंडी वाजून हुडहुडी भरली तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या, रात्र असली तरी. काढलेला गॉज स्वच्छ पिशवीत घालून सोबत न्या आणि दोन्ही दिवसांचे फोटो डॉक्टरांना शेजारी शेजारी दाखवा. ते तपासत असतील तेव्हा मला फोन लावा, मी ड्युटीवर असले तरी उचलेन.

तुमची,
मनू