दिवाळीच्या आधी सांगायचे होते

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारले, "समीरला दे जरा," आणि तो आंघोळीला गेला आहे असे मी सांगितले. ते खोटे होते. तो शेजारच्या खोलीत होता. गेले चौदा महिने आम्ही एकाच घरात दोन वेगळ्या खोल्यांत राहत आहोत, आणि परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याचा अर्ज मागच्या महिन्यात आम्ही शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दिला आहे. हे फोनवर सांगितले असते तर बाबा गप्प झाले असते आणि मी बोललेले मागे घेतले असते, म्हणून लिहीत आहे.

समीरने मला कधीही दुखावलेले नाही, हे आधी मनात पक्के धरा. मग बिनसले काय, असे तुम्ही विचाराल. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो कामासाठी तीन आठवडे नागपूरला होता. त्या दिवसांत मला घरात मोकळे वाटत होते, परंतु परतायच्या रात्री त्याची गाडी लांबली तेव्हा मी घाबरून दारात उभी राहिले. ती भीती त्याच्यासाठी नव्हती. हा आलाच नाही तर रविवारची संध्याकाळ मी एकटी कशी काढणार, एवढेच माझ्या मनात होते, आणि ते लक्षात आल्यावर मला स्वतःची फार लाज वाटली.

त्याच रात्री दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी या घरात का राहते, हे लिहून काढले. 2016 मध्ये छोटीचे लग्न जमायचे होते आणि थोरली माहेरी परतलेली पाहून स्थळे मागे फिरली असती. 2019 मध्ये बाबांची बायपास झाली. त्यानंतर घराचे कर्ज, त्यानंतर आत्या काय म्हणेल. एक कारण संपले की दुसरे तयार असे. मी आधी राहायचे ठरवत होते आणि कारणे मागाहून शोधत होते. त्या पानभर मजकुरात समीरचा स्वभाव, त्याचे बोलणे, त्याची सोबत यांपैकी काहीच नव्हते. मी ते पान त्याला दाखवले. तो बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "मी लिहिले असते तर माझ्या पानावर माझी आई आणि सोसायटीतले लोक निघाले असते."

बायपासच्या वेळी तो अकरा रात्री हॉस्पिटलच्या बाकावर झोपला, हे मी जन्मभर विसरणार नाही. मात्र त्यानंतर त्याला कशालाही नाही म्हणायचे मला धाडसच झाले नाही. आमच्यात भांडण होत नाही याचे आईला कौतुक वाटे, पण भांडायला जो हक्क लागतो तो मी कधी घेतलाच नव्हता. "तू माझ्याशी पाहुण्यासारखी वागतेस," असे तो एकदा म्हणाला होता, आणि ते खरे होते. उपकाराच्या ओझ्याखाली मी संसार केला, त्यात त्याचाही काळ गेला.

बाबा, कायद्याचे तुम्ही विचारालच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि एका छताखाली राहूनही नवरा-बायकोचे नाते उरले नसेल तर ते वेगळे राहणेच धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले आहे. अर्जानंतर सहा महिने थांबायचे असते. 2017 च्या निकालामुळे न्यायालय योग्य प्रकरणात ही मुदत माफ करू शकते, पण आम्ही तशी मागणी केलेली नाही. या काळात दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. मला हे महिने हवे आहेत, कारण मी वेगळ्या घरात राहून पाहिल्यावरच मला एकटेपणा सलतो की समीर आठवतो, हे कळेल.

पुढच्या महिन्यात मी कोथरूडला राहायला जाते. इमारतीला लिफ्ट आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. स्वयंपाकाच्या मावशी ठरल्या आहेत, खिडकीत सकाळचे ऊन येते आणि ऑफिस वीस मिनिटांवर आहे. मी उपाशी राहणार नाही.

शाळेच्या सहलीतून मी रडत मध्येच परतले होते, तेव्हा बाबा स्टँडवर उभे होते. तुम्ही माझ्या हातात भडंगाची पुडी दिलीत आणि घरापर्यंत एकही प्रश्न विचारला नाहीत. आज मला त्याची फार आठवण येते.

आता ऐका. बाबांनी हे पत्र वाचण्याआधी सकाळची गोळी घेतली नसेल तर आता घ्यावी. आई, आत्याला तू आज फोन करू नकोस, मी आल्यावर तिला स्वतः सांगेन. समीरशी बोलायचे असेल तर जरूर बोला, त्याचीही तशी इच्छा आहे, पण त्याला बोल लावू नका. शनिवारी दुपारपर्यंत मी सांगलीला पोहोचते. बाबा, उन्हाचे स्टँडवर येऊ नका असे लिहिणार होते, पण या.

तुमची,
ताई