चव्वेचाळीसातून चाळीस वजा करणाऱ्या बापाचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

काल धाकटीचा दहावीच्या सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर हातात आला. 40 पैकी 19. मी एसटीत वाहक आहे. रात्रीच्या मुक्कामी गाडीच्या दिव्याखाली तो पेपर मी तीनदा तपासला. मागच्या वर्षी पालक मेळाव्यात आपल्या खात्यातल्या साहेबांनी शब्द दिला होता, गुणभाराचा तक्ता समजावून सांगून प्रत्येक वर्गात लावू. तक्ता लागला. समजावणारं कोणी आलं नाही.

तक्ता सांगतो: रेषीय समीकरणं 12, वर्गसमीकरणं 12, अंकगणिती श्रेढी 8, अर्थनियोजन 8, संभाव्यता 8, सांख्यिकी 12. बेरीज 60! पेपर 40 चा. हे 60 विकल्पांसह आहेत, हे कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात. पोरीने हिशेब केला, अर्थनियोजन आणि संभाव्यता सोडली तर 16 जातात, 44 उरतात, मला तर 40 च हवेत. मीही मान डोलावली. तिकिटांचा हिशेब चुकत नाही माझा, हा चुकला.

कारण निवड पूर्ण पेपरात नसते, एकेका उपप्रश्नात कोंडलेली असते. प्रश्न 1 चे 8 गुण सक्तीचे, त्यात सोडलेल्या धड्यांचे 3 आले, गेले. प्रश्न 2 अ मध्ये तीनपैकी दोन कृती करायच्या, दोन त्याच धड्यांच्या; 2 गेले. प्रश्न 5 मध्ये दोनपैकी एक, 3 गुणांचा. दोन्ही त्यांचेच! आणखी 3 गेले. पेन उचलायच्या आधीच 8 गुण बुडाले, कमाल 32. वर मजा अशी की 2 ब मधल्या पाचपैकी चार, 3 ब मधल्या चारपैकी दोन आणि प्रश्न 4 मधल्या तीनपैकी दोन प्रश्नांत तिच्याकडे 12 गुणांचे प्रश्न जास्तीचे होते. एका खिशात पैसा उतू जातोय, दुसऱ्या खिशाला भोक.

32 मधले 13 तिने स्वतः घालवले, ते आम्ही घरी बघू. पण हे 8 कोणाचे, साहेब? तक्त्याखाली ‘धडा सोडू नका, विकल्प प्रश्नात असतो’ एवढी एक ओळ छापायला किती शाई लागते?

माझ्या अंदाजाने शंभरातल्या सत्तर घरांत हाच हिशेब होतो. ज्यांना क्लासची फी परवडते, त्यांना क्लासवाला हे सांगतो, तेही ‘सिक्रेट’ म्हणून! आमचे गुरुजी निवडणुकीच्या कामावर. वर्ग वाऱ्यावर, आणि आम्ही पगार न मिळणारी रजा टाकून मेळाव्यात टाळ्या वाजवायला. टाळ्या मात्र सक्तीच्या, त्यात विकल्प नाही.

मागणी एवढीच: तक्त्यासमोर एक सोडवलेला नमुना पेपर लावा, धड्यांची नावं प्रश्नांपुढे लिहून. तोवर मी आमच्या गाडीच्या केबिनमध्ये माझाच तक्ता चिकटवलाय. शाळेची पोरं चढतात तेव्हा वाचतात.

आपला,
एक वाहक आणि दहावीतल्या मुलीचा बाप