'डिजिटल पैसा' कोणाचं देणं आहे, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन, डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं खासगी स्टेबलकॉइन आणि बँक खात्यातली शिल्लक हे तिन्ही प्रकार अनेकदा 'डिजिटल पैसा' या एकाच नावाखाली येतात. तिन्ही मोबाइलवर दिसतात आणि तिन्ही क्षणात दुसऱ्याला पाठवता येतात, त्यामुळे गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण बँकेच्या हिशेब विभागात आयुष्य घालवल्यामुळे मला ती सलते. पडद्यावरचा आकडा कोणाचं तरी देणं असतो. ते कोणाचं आहे आणि तो ते कधी, कसं फेडणार आहे, यावर हे तिन्ही प्रकार एकमेकांपासून अगदी वेगळे पडतात. एरवी हा फरक जाणवत नाही. मार्च २०२३ मधल्या एका शनिवार-रविवारी तो स्वच्छ दिसला होता, म्हणून तीच घटना जरा सविस्तर मांडतो.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने व्याजदर कमी असताना लांब मुदतीचे रोखे मोठ्या प्रमाणावर घेऊन ठेवले होते. दर चढले तसे त्या रोख्यांचे भाव पडले. ८ मार्चला बँकेने जाहीर केलं की रोखे विकताना सुमारे १८० कोटी डॉलरचा तोटा झाला आहे आणि नवं भांडवल उभारावं लागणार आहे. दुसऱ्या दिवशी, ९ मार्चला, ठेवीदारांनी एका दिवसात सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढून घेतले. शुक्रवारी, १० तारखेला, नियामकांनी बँक बंद केली. अमेरिकेत ठेवीचा विमा एका बँकेत, एका ठेवीदाराला अडीच लाख डॉलरपर्यंत मिळतो. या बँकेतल्या ठेवींपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम त्या मर्यादेपलीकडची होती, कारण बहुतेक ठेवीदार कंपन्या होत्या.

त्यांतलीच एक सर्कल, म्हणजे यूएसडीसी हे स्टेबलकॉइन काढणारी कंपनी. या डिजिटल नाण्याचं एक टोकन म्हणजे एक डॉलर, आणि परत आणून दिलंत तर एक डॉलर देऊ, असं तिचं वचन. त्यासाठी तिच्याकडे सुमारे ४,००० कोटी डॉलरचा राखीव निधी होता. त्याचा तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत आणि बाकीचा निरनिराळ्या बँकांत रोख स्वरूपात होता. शुक्रवारी रात्री कंपनीने सांगितलं की त्यांतले ३३० कोटी डॉलर बंद पडलेल्या बँकेतून निघालेले नाहीत. ते हलवण्याची सूचना गुरुवारीच दिली होती, पण ती पूर्ण होण्याआधी बँकेला टाळं लागलं.

३३० कोटी हा ४,००० कोटींचा साधारण आठ टक्के भाग. ते सगळे बुडाले असं धरलं तरी प्रत्येक टोकनमागे ९२ सेंट उरत होते. आणि बंद पडलेल्या बँकेच्या ठेवीदाराला मालमत्ता विकून काही ना काही मिळतंच, त्यामुळे सगळं बुडणं संभवतच नव्हतं. तरीही शनिवारी बाजारात यूएसडीसीचा भाव ८८ सेंटच्याही खाली गेला. सर्वांत वाईट हिशेबापेक्षाही खाली!

याचं कारण समजलं की स्टेबलकॉइन समजतं. एक डॉलरला टोकन परत घेण्याचं वचन थेट वापरता येतं ते कंपनीकडे खातं असलेल्या मोठ्या ग्राहकांना. साध्या माणसाला आपलं टोकन बाजारात दुसऱ्या कुणाला तरी विकावं लागतं. भाव एक डॉलरपाशी टिकतो, कारण तो जरा घसरला की मोठे ग्राहक बाजारातून स्वस्तात टोकन उचलतात, कंपनीला देतात आणि पूर्ण डॉलर घेतात. पण हा डॉलर येतो बँकेमार्फत, आणि शनिवारी बँका बंद. टोकनची खरेदी-विक्री चोवीस तास चालू होती, परतफेडीचा दरवाजा मात्र सोमवारपर्यंत बंद होता. एका मोठ्या एक्स्चेंजनेही यूएसडीसीचं डॉलरमध्ये रूपांतर त्या दोन दिवसांसाठी थांबवलं. भाव धरून ठेवणारी माणसं बाजूला झाली आणि भीतीला जो भाव सुचला तो बाजाराने लावला. त्याच यूएसडीसीचा आधार असलेलं दाई हे दुसरं स्टेबलकॉइनही सोबत घसरलं.

रविवारी संध्याकाळी अमेरिकेचं अर्थखातं, फेडरल रिझर्व्ह आणि ठेव विमा महामंडळ यांनी जाहीर केलं की त्या बँकेच्या सर्व ठेवीदारांना, विम्याच्या मर्यादेपलीकडचे धरून, सोमवारी पूर्ण पैसे मिळतील. यूएसडीसी पुन्हा एक डॉलरपाशी आलं. पण नीट पाहिलं तर टोकनधारकांना कुणीच हमी दिली नव्हती. हमी बँकेच्या ठेवीदारांना होती आणि टोकन काढणारी कंपनी त्यांच्यात मोडत होती, एवढ्यावर टोकनधारक वाचले. म्हणून 'स्टेबलकॉइन बँकांपासून स्वतंत्र आहेत' हे वाक्य आपल्या पानावर दिसलं की मला राहवत नाही. त्यांची शेवटची परतफेड बँकेतूनच होते.

आता एका माणसाच्या १,००० डॉलरचा प्रवास पाहू. ते बँकेत आहेत तोवर बँक त्याचं १,००० डॉलर देणं लागते. त्यामागे बँकेच्या तिजोरीत तेवढी रोकड नसते. बँकेने दिलेली कर्जं, घेतलेले रोखे आणि मध्यवर्ती बँकेत ठेवलेली थोडी शिल्लक यांच्या जोरावर ते देणं उभं असतं. म्हणूनच बँकेवर भांडवलाची सक्ती, तपासणी आणि ठेव विमा हा सगळा बंदोबस्त असतो. अडचणीच्या वेळी तारण ठेवून मध्यवर्ती बँकेकडून उसने घेण्याची सोयही असते.

त्याने त्या पैशांचं स्टेबलकॉइन घेतलं की त्याच्या खात्यातून १,००० वजा होतात, दोन बँकांमधला हिशेब मध्यवर्ती बँकेच्या वहीत मिटतो, आणि टोकन काढणाऱ्या कंपनीच्या खात्यात १,००० जमा होतात. ठेव नाहीशी झाली नाही, मालक बदलला. पण या बदलात एक मोठी गोष्ट हरवते. त्या माणसाचे १,००० डॉलर विम्याच्या आत होते. आता लाखो माणसांचे असे पैसे एका कंपनीच्या नावावर एका मोठ्या खात्यात एकत्र झाले आणि तिथे अडीच लाखांची मर्यादा नगण्य ठरते. ते ३३० कोटी तसेच होते. कंपनीने त्या पैशांचे सरकारी रोखे घेतले तर बँकेचा धोका टळतो, पण मोठी परतफेड मागितली गेली की रोखे विकून रोकड उभी करावी लागते आणि ती पुन्हा बँकेतूनच द्यावी लागते.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या जीनियस कायद्याने यात शिस्त आणली. टोकनमागे पूर्ण राखीव निधी हवा, तो रोकड, बँक ठेवी, अल्पमुदतीचे सरकारी रोखे अशा ठरावीक गोष्टींतच हवा, आणि कंपनीने टोकनवर व्याज द्यायचं नाही. ठेव विमा मात्र टोकनला नाही. टोकनमागे असा निधीच नसेल तर काय होतं हे मे २०२२ मध्ये टेरायूएसडी हे स्टेबलकॉइन कोसळलं तेव्हा दिसलंच होतं. त्यावर वेगळं लिहायला हवं.

त्याच माणसाने मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन घेतलं तर नोंदी वेगळ्या पडतात. त्याच्या बँकेतली ठेव १,००० ने घटते आणि त्या बँकेची मध्यवर्ती बँकेतली शिल्लकही १,००० ने घटते. मध्यवर्ती बँक आपल्या वहीत 'या बँकेला देणं' कमी करते आणि 'वॉलेटधारकाला देणं' वाढवते. पैसे दुसऱ्या कुठल्याही व्यापारी बँकेत जात नाहीत. नोटेसारखंच हे थेट मध्यवर्ती बँकेचं देणं आहे. वॉलेटचं अॅप एखाद्या व्यापारी बँकेचं असू शकतं, पण ती बँक बुडली म्हणून ही रक्कम बुडत नाही. दर्शनी मूल्याला परत घेण्यासाठी कुणी खरेदीदार शोधावा लागत नाही, विम्याची मर्यादा पाहावी लागत नाही. बहामासचा सँड डॉलर ऑक्टोबर २०२० पासून आहे, भारताच्या किरकोळ ई-रुपीचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. दोन्ही या जातीचे. वॉलेटचा पिन चोरीला गेला किंवा धारकाने फसून पैसे पाठवले, तर मात्र मध्यवर्ती बँकेचं देणं असल्याचा काही उपयोग नाही.

मग सगळ्यांनी सगळे पैसे इथेच का ठेवू नयेत, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पुन्हा ९ मार्चकडे पाहा. त्या दिवशी ठेवीदारांना दुसरी एखादी बँक शोधून पैसे हलवावे लागत होते. फोनवरच मध्यवर्ती बँकेचं वॉलेट असतं आणि त्यावर मर्यादा नसती, तर तीच धाव आणखी जोरात झाली असती, आणि ती एका बँकेपुरती न राहता जराशी शंका असलेल्या प्रत्येक बँकेतून सुरू झाली असती. मागे उरलेल्या बँकांची शिल्लक आटली असती, कर्जं द्यायला पैसा महाग पडला असता. ज्याला वैयक्तिक पातळीवर सर्वांत सुरक्षित म्हणावं, तेच सर्वांनी एकदम निवडलं तर बँकव्यवस्थेला धोका, असा हा पेच आहे.

म्हणून या चलनाच्या आराखड्यांत मुद्दाम अडसर ठेवलेले असतात. बँक ऑफ इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ मध्ये डिजिटल पौंडाचा प्रस्ताव चर्चेला ठेवला, तेव्हा एका व्यक्तीला १०,००० ते २०,००० पौंडांची मर्यादा सुचवली आणि व्याज देणार नाही असं म्हटलं. डिजिटल युरोच्या आराखड्यात मर्यादेपलीकडची रक्कम आपोआप जोडलेल्या बँक खात्यात जाण्याची सोय आहे. या चलनाच्या बातमीत मर्यादेचा आकडा बहुधा शेवटच्या ओळीत तरी येतो, नाही तर गळतो. वाचकाला तो पहिल्या परिच्छेदात मिळायला हवा, कारण किती रक्कम मध्यवर्ती बँकेच्या देण्यात ठेवता येईल आणि किती व्यापारी बँकेच्या भरवशावर राहील, हे त्यावरच ठरणार आहे. तसंच स्टेबलकॉइनच्या बातमीत राखीव निधी कुठे, कशात आहे आणि थेट परतफेड कोणाला मिळते, एवढं आवर्जून द्यावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक