मठाच्या हत्तीला मातीचा ढीग द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

विषय : बेळगाव सीमाभागात मठ-मंदिरांकडे असलेल्या आणि जत्रेसाठी आणल्या जाणाऱ्या हत्तींना माती, चिखल व रंगाविना मोकळे कान मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहाबादी फरशीवर साखळीने बांधलेला हत्ती आपल्या भागात कुठेही पाहा. पुढ्यात उसाच्या वाड्याचा भारा असतो. तो एक कवळ तोंडात घालतो आणि पुढचा कवळ सोंडेने उचलून सरळ पाठीवर भिरकावतो. पाठीवर हिरवी पाती लोंबत राहतात, खाली वैरण तुडवली जाते, माहूत ओरडतो आणि बघणारे हसतात. हत्ती वैरणीची नासाडी करतो, अशी तक्रार समितीच्या बैठकीत होते आणि साखळी आणखी आखूड केली जाते.

ही खोड नव्हे. त्याला पाठीवर माती टाकायची आहे आणि फरशीवर माती नाही, म्हणून हाताशी आहे ते तो टाकतो. वाडं नसेल तर शेणाने भिजलेला पेंढा टाकेल. हे समजलं की सुधारणा स्वस्तात होते. म्हणून हे पत्र.

हत्तीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी आहेत त्या नखांच्या आसपास, बाकी धडावर नाहीत. शिवाय आकार अवाढव्य. तीन टनांचं शरीर आत सतत उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकायला त्या मानाने कातडी अपुरी पडते. म्हणून त्याच्याकडे दोन उपाय आहेत : कान हलवणं, आणि कातडीवर बाहेरून ओलावा आणून तो वाळू देणं.

आधी कान. पाठीवर इंच-इंच जाड असलेली कातडी कानाशी पातळ होते आणि कानाच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं उघड दिसतं. हत्तीचं रक्त तपासायला घ्यायचं असेल तर पशुवैद्यक याच शिरेत सुई घालतात, इतकी ती वर असते. उकाडा वाढला की या वाहिन्या फुगतात, गरम रक्त कानात पसरतं, कान हलला की वाऱ्याने निवतं आणि निवलेलं रक्त अंगात परत जातं. थंडीत वाहिन्या आकसतात. खानापूरकडच्या पावसात किंवा पौषातल्या पहाटे हत्तीच्या कानाला हात लावा, गार लागतो. दुपारी दोन वाजता तोच कान ऊन लागतो आणि शिरा दोरीसारख्या बोटाला लागतात.

पण या पंख्याला एक मर्यादा आहे आणि जत्रांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांना ती सहसा ठाऊक नसते. हत्तीचं अंग साधारण ३६ अंशांच्या आसपास असतं. हवा २८ अंश असेल तर कान हलवून रक्त निवेल. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे वैशाखात पारा ३९-४० वर जातो, तेव्हा कोरडा कान हलवून अंगावर गरम वाराच घेतला जातो. अशा वेळी फक्त ओला कान उपयोगी पडतो, कारण पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. म्हणून मोकळा हत्ती सोंडेने कानामागे पाणी मारतो. पाणी न मिळालं तर सोंड तोंडात घालून घशातलं पाणी काढतो आणि तेच छातीवर, कानांवर उडवतो. मिरवणुकीत हत्ती असं करताना दिसला की लोकांना गंमत वाटते. खरं तर त्याचा शेवटचा साठा संपत आलेला असतो. त्यातून आफ्रिकेतल्या हत्तीपेक्षा आपल्या हत्तीचा कान बराच लहान, त्यामुळे पाण्या-चिखलावरचं त्याचं अवलंबन मोठं.

किती पाणी लागतं याचा हिशेब कागदावर मांडता येतो. तीन हजार किलोच्या हत्तीचं अंग एक अंशाने उतरवायचं तर किलोमागे साधारण साडेतीन किलोज्यूल धरून सुमारे १०,५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक लिटर पाणी कातडीवरून वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल नेतं. म्हणजे साडेचार लिटर पाणी पुरलं. उन्हाची आणि हवेची उष्णताही त्यातच खर्ची पडते, म्हणून प्रत्यक्षात जास्त धरा. तरी आकडा बादलीच्या आतबाहेरच राहतो.

मग घागरभर पाणी ओतून भागत का नाही? कारण ओतलेल्यापैकी बहुतेक पाणी पोटाखालून फरशीवर निघून जातं आणि कातडीवर उरलेला पातळ थर उन्हात लवकर उडतो. हत्तीला अंगावर टिकणारं पाणी हवं असतं आणि ते काम चिखल करतो. सुरकुत्यांत बसलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि ती हळूहळू वाळते. वाळल्यावर त्याची पापुद्र्यासारखी ढाल बनते. ऊन थेट कातडीला लागत नाही, गोमाश्यांना चावायला जागा मिळत नाही. आपल्या हत्तींच्या सोंडेवर आणि कानांच्या कडेला गुलाबी ठिपके असतात ना, तिथे रंगद्रव्य नसतं आणि ऊन सर्वांत आधी तिथेच भाजतं. पुढे तो वाळलेला थर हत्ती झाडाच्या खोडावर घासून पाडतो, त्याबरोबर गोचिडं आणि मेलेली कातडीही निघते.

अंघोळीनंतर लगेच तो धूळ का उडवतो, याचंही उत्तर इथेच आहे. ओल्या अंगाला धूळ चिकटते. पुढच्या पायाच्या नखाने तो जमीन उकरतो, सोंडेचं टोक वळवून मूठभर माती गोळा करतो आणि खांद्यावरून पाठीवर, मग पायांमधून पोटावर फेकतो. माहुताने तासभर घासून लख्ख केलेला हत्ती पाच मिनिटांत तांबडा होतो. माहुताचा वैताग समजू शकतो, पण धुणं आणि धूळ हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. दुसरा भाग तोडला की पहिलाही वाया जातो. खानापूरच्या जंगलातून बाहेर पडलेला हत्ती वेगळ्याच जातीचा, तांबडा आहे असं काहींना वाटतं, तो रंगही तिथल्या जांभ्याच्या मातीचा असतो.

आता मिरवणुकीचा दिवस घ्या. सकाळी सातला साबण लावून विटकरीने घासतात, म्हणजे मातीचा थर गेला. नऊला कानांवर ऑइलपेंटने वेलबुट्टी काढतात, म्हणजे ओल कातडीला भिडण्याची वाट बंद झाली. दहाला जाड झूल घालतात, म्हणजे पाठ झाकली. अकराला तो डांबरी रस्त्यावर आलेला असतो आणि सोंड उचलली की अंकुश बसतो, म्हणजे धूळही बंद. चारी उपाय आपणच काढून घेतो आणि दोन वाजता हत्ती बिथरला की दोष त्याच्या स्वभावाला.

त्याआधी तो सांगत असतो. निवांत हत्तीचे कान संथ, एका लयीत हलतात. ताप वाढला की वेग वाढतो, मग तो पाय आलटून-पालटून उचलू लागतो, मागे रेंगाळतो. शेवटी कान थांबतात. कान थांबणं म्हणजे शांत झाला असं समजणं ही घोडचूक आहे. कान स्थिर होतात ते काहीतरी कान देऊन ऐकताना, आजारात किंवा थकून गळाल्यावर. आणि कान पसरून पुढे रोखले असतील तर तो धमकावतो आहे. ताप मोजायला फार सामग्री लागत नाही : ताजं लेंडूक पडताच पाच मिनिटांच्या आत फोडून मधोमध थर्मामीटर खुपसावा. ३६-३७ अंश ठीक, ३८ च्या पुढे मिरवणूक तिथेच थांबवून सावली आणि पाणी.

आमचं मागणं यातूनच निघतं. प्रत्येक हत्तीच्या बांधणीच्या जागी दोन ब्रास, म्हणजे साधारण दोन ट्रॅक्टर ट्रॉली, भुसभुशीत माती कायम असावी आणि तिथपर्यंत त्याची सोंड पोचावी. तांबडी माती किंवा नदीकाठचा कोरडा गाळ चालतो. रस्त्याची झाडलोट नको, त्यात काचा आणि खिळे येतात. बांधकामाचा राडारोडा नको, चुना-सिमेंटने डोळे आणि कातडी चरचरते. तणनाशक मारलेल्या उसाच्या फडातली माती नको. मेलेली गुरं पुरली जातात तिथली तर मुळीच नको, काळपुळीचे जंतू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. पावसात ढिगावर ताडपत्री घालावी, नाहीतर आषाढात ढेकळं होतात आणि ढेकूळ उडत नाही.

शेजारी सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, मधोमध दोन फूट खोल असा लंबगोल खड्डा हवा, कडा उतरत्या, कारण म्हाताऱ्या हत्तीला उभ्या काठावरून चढता येत नाही. अर्धी माती, अर्धं पाणी धरलं तर पाच हजार लिटरचा एक टँकर पुरतो आणि उन्हाळ्यात रोज दोन-तीनशे लिटरची भर. खड्डा मात्र झोपायच्या जागेपासून लांब असावा. दिवसरात्र ओल्यात उभं राहिलं की नखं कुजतात, आणि एका दुखण्यावरचा इलाज दुसरं दुखणं होतो.

रात्रीची गोष्ट त्याहून सोपी. दिवसा साठलेली बरीच उष्णता हत्ती रात्रीच्या गारव्यात सोडतो. पत्र्याच्या शेडमध्ये बांधला तर ती नीट सुटत नाही. उन्हाळ्यात रात्री मोकळ्या आभाळाखाली बांधावा, एवढंच.

परवानगीपत्रात तीन अटी याव्यात : सकाळी दहा ते दुपारी चार मिरवणूक नाही, कानांवर कसलाही रंग नाही, आणि वाटेत दर तासाला पाणी, ज्यातलं निम्मं कानांमागे मारलं जावं. केरळने २००३ मध्येच पाळीव हत्तींसाठी स्वतंत्र नियम केले, भर उन्हातल्या मिरवणुकीला तिथे बंधन आहे. आपल्याकडेही सक्रेबैलुसारख्या शिबिरांत हत्ती रोज नदीत उतरतात, म्हणजे खात्याला हे शिकवायची गरज नाही, ते मठांपर्यंत पोचवायची आहे. आणि आदेश काढाल तो कन्नडबरोबर मराठीतही काढा. सीमाभागातल्या जत्रा समित्यांमध्ये तो वाचणारे बरेच जण मराठी वाचतात, आणि अकराचा नारळ दहाच्या आत फोडायचा निर्णय त्यांच्याच हातात असतो.

चैत्रातल्या जत्रांच्या परवानग्या माघ-फाल्गुनातच मागितल्या जातात. त्याआधी हे पत्रक तालुक्यांच्या वन कार्यालयांत पोचलं तर याच उन्हाळ्यात लागू होईल.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि चिक्कोडी भागातले पशुवैद्यक व हत्तींची देखभाल करणारे