दुसरी गोळी कोणी दिली?

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील रात्रपाळीच्या परिचारिकेची कथा मी दोनदा वाचली. दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत एकाच रुग्णाला झोपेचे औषध लिहिले आणि रुग्ण गुंगीत खोल जात असल्याचे परिचारिकेच्या लक्षात आले, हे कथानक खरे आहे. एकतीस वर्षे वॉर्डात काढल्यामुळे मी तसे म्हणू शकते. मात्र कथेतल्या दोन गोष्टी मला खटकल्या.

कथेतील परिचारिकेला मॉनिटर वाजल्यामुळे शंका येते. माझ्या बाबतीत काहीच वाजले नव्हते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी रडत होत्या, म्हणून सायंकाळी फिजिशियननी रेफरन्सच्या वेगळ्या कागदावर क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम लिहिले आणि सायंकाळच्या पाळीच्या सिस्टरने ते साडेसातला दिले. नंतर अस्थिरोग डॉक्टर राउंडला आले. सासूबाई दोन रात्री झोपल्या नाहीत असे सुनेने सांगितल्यावर त्यांनी केस पेपरवर झोल्पिडेम १० मिलिग्रॅम लिहिले. या वयात त्याची नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम असते. दोन्ही गोळ्या ब्रँडच्या नावाने लिहिलेल्या होत्या आणि त्या नावांवरून दोन्ही झोपेच्याच आहेत हे सहज उमगत नव्हते. शिवाय पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घेताना आमचे सगळे लक्ष पलीकडच्या खाटेवरच्या रक्तस्रावाकडे होते.

रात्री एक वाजता आजी घोरत होत्या. सून म्हणाली, “सिस्टर, आज किती छान झोपल्यात!” वॉर्डात हे वाक्य ऐकले की मी थांबते, कारण घोरणे ही गाढ झोपेची खूण असतेच असे नाही, जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट अर्धवट अडल्याचाही तो आवाज असू शकतो. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९६ दिसत होता, पण आजींना नळीतून दोन लिटर ऑक्सिजन चालू होता. बाहेरून ऑक्सिजन मिळत असला की श्वास मंदावूनही तो आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि आत साठणारा कार्बन डायऑक्साइड त्या यंत्राला दिसत नाही. म्हणून मी घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट छाती मोजली. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे घात करते, कारण अशा रुग्णाचे श्वास एकसारखे नसतात. श्वास नऊ भरले, आणि मध्ये एक लांब खंड पडला.

“आजी” म्हणून हाक मारली तर पापणीही हलली नाही. मानेजवळचा स्नायू चिमटीत जोरात दाबला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा गुंगीत गेल्या. मी हनुवटी वर उचलून धरली, तसे घोरणे कमी झाले. आयाबाईंना तशीच धरायला सांगून रक्तातील साखर तपासली. ती ११८ होती. मग रात्रीच्या डॉक्टरांना फोन करून एवढेच सांगितले की श्वास नऊ, फक्त दुखवल्यावर डोळे उघडतात, आणि दोन झोपेच्या गोळ्या गेल्या आहेत. नुसते “पेशंट गुंगीत आहे” असे सांगितले असते तर कदाचित “सकाळी बघू” असे उत्तर आले असते.

दुसरा आक्षेप उताऱ्याच्या इंजेक्शनबद्दल आहे. कथेत ते दिल्याबरोबर रुग्ण उठून बसतो आणि प्रकरण संपते. ते इंजेक्शन, म्हणजे फ्लुमाझेनिल, या दोन्ही औषधांवर चालते, हे खरे. पण त्याचा असर तासाभरात ओसरू लागतो, आणि क्लोनाझेपाम मात्र शरीरातून निम्मे जायलाच तीस ते चाळीस तास लागू शकतात. त्यामुळे उठून बसलेला माणूस पुन्हा बुडू शकतो. जो अनेक वर्षे अशा गोळ्या घेत आला आहे, त्याला या इंजेक्शनाने आकडीही येऊ शकते. आजींना ते दिलेच नाही. त्यांना अतिदक्षता विभागात हलवून कुशीवर ठेवले आणि रात्रभर श्वास मोजत राहिले. सकाळी नऊला त्यांनी चहा मागितला, तरी दिवसभर बोलता बोलता त्यांचा डोळा लागत होता.

कथा दोन्ही डॉक्टरांना दोषी ठरवून परिचारिकेला नायिका करते. त्या रात्री दहा वाजता झोल्पिडेमची गोळी आजींच्या हातावर मीच ठेवली होती, आणि रेफरन्सचा कागद त्याच फायलीत, दोन पाने मागे होता. कथेचा शेवट बदलावा असे माझे म्हणणे नाही. फक्त दुसरी गोळी कोणी दिली, ते एका वाक्यात यायला हवे होते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे