ताईचं लातूरचं काय झालं ते

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू चिडलास आन् मी बी चिडलो, म्हून लिहायलोय. तुझं म्हणणं असं की ताईनं लातूरच्या क्लासचे चाळीस हजार सोडून तांड्यावरच्या शाळेत सोळा हजारावर राहणं म्हणजे येडेपणा. मला बी आधी तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

लातूरच्या क्लासवाल्यांनी तिला बोलवलं तव्हा मीच सोबत गेलतो. डेमो लेक्चर होतं, आठवी-नववीच्या फाउंडेशन बॅचला गणित, पोरं शंभराच्या वर, एसी हॉल, कॉलरला माईक. चांगलं शिकवलं तिनं. नंतर सर म्हणले मॅडम उद्यापासून या, फक्त ओरिजनल सर्टिफिकेट ऑफिसला जमा करा आन् दोन वर्षांचा बाँड, मधी सोडलं तर दोन पगार परत. ती म्हणली विचार करून सांगते. तर म्हणले मग तोपर्यंत रविवारी या, कागदावर नाव लावणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 28 कलमात शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी हाय, हे तिला पाठ, तिनं तिथंच नाही म्हणलं. ते सर्टिफिकेट ठेवून घ्यायचं मला बी पटलं नाही, ऊसतोडीच्या मुकादमाच्या उचलीसारखंच वाटलं.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. तिची ऑर्डर मार्च 2024 ची, कमी मानधनाची शिक्षण सेवकाची तीन वर्षं मार्च 2027 ला भरतेत, म्हणजे राहिले नऊ महिने. महिन्याला चोवीस हजाराचा फरक, नऊ महिन्याचे 2,16,000 जातेत. रक्कम लहान नाही, मला दिसतंय. पण तीन वर्षं भरली की मूळ पगारच 29,200, वर महागाई भत्ता, म्हणजे चाळीसच्या पुढं. आन् आता सोडलं तर पुन्हा पयल्यापासून, शिक्षक भरतीची टीएआयटी परीक्षा द्या, भरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागतो का बघा. 2017 ला परीक्षा झाली ती पुढची थेट 2023 ला, तेवढी वर्षं ही पोरगी कशी बसून होती ते तू बघितलंस की.

मी म्हणलं चला, हिशोबानं शाळाच बरी, विषय संपला. तर ही म्हणते, "अप्पा, हिशोब मला बी येतो, मला झोप दुसऱ्याच गोष्टीनं येत नाही."

मग दुसऱ्या दिवशी तिला स्कूटीवर सोडायला गेलो आन् वर्गाच्या मागं बसून राहिलो. पयली ते चौथी, दोन शिक्षक, तिच्याकडं तिसरी-चौथी एकाच खोलीत. एक पोरगी होती तिसरीची, आई-बाप ऊसतोडीला कोयत्यावर, दिवाळीला जातेत ते उन्हाळ्यातच येतेत, ही बी संगच असती. तिनं पाटीवर 52 वजा 27 केलं, उत्तर 35. मी असतो तर चूक म्हणून काट मारली असती. ताईनं विचारलं कसं केलं, तर पोरगी म्हणली सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वरचा असो की खालचा, मोठ्यातून लहान काढायचा एवढंच तिला माहीत. चूक बी नियमानं करायली बघ! हातचा शिकवला तव्हा ती फडात होती.

मग ताईनं पऱ्हाटीच्या काड्या काढल्या, दहा-दहाच्या पाच जुड्या आन् दोन सुट्या. म्हणली यातल्या सत्तावीस मला दे. दोन जुड्या दिल्या, मग सात सुट्या द्यायच्या तर हातात दोनच. पोरगी लई वेळ बघत बसली. ताई काहीच बोलंना, मलाच राहवंना झालं. मग तिनं आपणच एका जुडीचं रबर काढलं, बारातून सात दिल्या, राहिलेल्या मोजल्या, पंचवीस. पाटीवरलं 35 थुंकी लावून पुसलं. तवर चौथीच्या पोरांनी मागं नुसता गोंधळ घातला होता ते बी सांगतो, सगळंच गोड नाही तिथं.

येताना ताई म्हणली, "लातूरला शंभरात मला अशी पोरगी दिसलीच नसती, आन् ही दिवाळीला पुन्हा जाणार." औंदा तिला हंगामी वसतिगृहात ठेवायचं म्हणून ताई त्या पोरीच्या आजीकडं दोनदा जाऊन आली. आजी हो म्हणायली, बाप अजून नाही, पोरगी मागं ठेवली तर फडात धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणतो. ते काय खोटं हाय का.

तिनं परवा क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं. मार्चनंतर काय करायचं ते तिचं ती बघंल, मी विचारलं नाही, तू बी विचारू नको.

आता तुझ्याकडं काम असं की ट्रॅक्टरच्या हप्त्यात ती महिन्याला पाच हजार घालायली, ते मार्चपर्यंत तू घाल. खोलीभाडं आन् पेट्रोल जाऊन तिच्या हातात काही उरत नाही. जमत नसंल तर तसं सांग, मी शेळ्या काढतो.

शेंगा भाजून ठेवल्यात, कोणी पुण्याला आलं की पाठवतो.

तुझा अप्पा